रायगड, दुभाष्यामार्फत

(रौप्यमहोत्सवी वर्षातील रविवारच्या गप्पांमध्ये, सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिला तो असा, की तुम्ही परदेशी पाहुण्यांना गड दाखवता, तर ते कसं दाखवता ते सांगा. मी विचारलं, कोणता गड? तर सचिव म्हणाले, कोणताही. कोणताही गड कसा सांगणार? मी रायगडाचंच सांगते. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात रायगड आहे. तेव्हापासून विचारणा वाढली आहे. आणि आपल्या सोसायटीत तर कितीतरी घरांतली मुलं बाहेर आहेत. कुणाचे जर्मन व्याही येतात, कुणाच्या लेकीची जपानी मैत्रीण येते. त्यांना गाडीत घालून रायगडावर नेणारे तुम्हीच असता, आणि मधे दुभाषी म्हणून उभा राहतो तो तुमचाच नातू. तेव्हा हे तुमच्याही उपयोगाचं आहे.

इंग्रजी समजणारे पाहुणे असले की मी सरळ इंग्रजीत बोलते, तिथे प्रश्न नाही. पण जपानी, फ्रेंच, जर्मन मंडळी आली की बरोबर दुभाषी असतो. पुण्यात जपानी आणि जर्मन शिकलेली मुलंमुली भरपूर आहेत, ती येतात. मग मी मराठीत बोलते आणि ती थेट त्यांच्या भाषेत सांगतात. मी आधी इंग्रजी करायचं आणि त्याचं त्यांनी जपानी करायचं, म्हणजे चहा दोनदा गाळण्यासारखं होतं. मात्र थेट मराठीतून करायचं तर ती मराठी वेगळी लागते, बरं का. आपण घरी बोलतो किंवा पुस्तकात वाचतो ती चालत नाही.

का चालत नाही, ते सांगते. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. ‘नाही’ तर त्याच्याही मागे येतं. ‘महाराजांनी सुरतेहून आणलेला खजिना या गडावर’ इथपर्यंत दुभाष्याला काहीच बोलता येत नाही, कारण पुढे ‘ठेवला’ येणार की ‘ठेवला नाही’ येणार, त्याला कळत नाही. तो थांबतो, डोक्यात साठवतो. वाक्य छोटं असेल तर ठीक. पण आपल्याला गडावर गेलं की बखरीसारखं बोलायची हौस! हे वाक्य ऐका:

‘ज्या रायरीच्या डोंगरावर पूर्वी जावळीच्या मोऱ्यांचा अंमल होता आणि जो 1656 साली जिंकून घेतल्यावर त्याचं नाव रायगड ठेवून ज्याच्यावर पुढे हिरोजींकडून राजधानी उभारून घेतली गेली, त्या या गडावर 1674 साली राज्याभिषेक झाला.’

ऐकायला बरं वाटतं. पण दुभाष्याच्या हाती यातलं काय लागतं? दोन साल, काही नावं, आणि कुणी काय केलं याचा पत्ता नाही. जिंकलं कुणी? नाव ठेवलं कुणी? मराठीत कर्ता गाळला तरी आपल्याला समजतं, कारण गोष्ट आपल्याला आधीच माहीत असते. जर्मन किंवा इंग्रजी वाक्याला कर्ता द्यावाच लागतो. मग दुभाषी अंदाजाने घालतो. एका सहलीत मी पाठीमागून ऐकलं, पाहुण्यांना सांगितलं गेलं की रायगड मोऱ्यांनी बांधला आणि हिरोजींनी जिंकला. सांगणाऱ्या गाईडचं मराठी अगदी शुद्ध होतं.

तेच वाक्य मी असं म्हणते: ‘या डोंगराचं जुनं नाव रायरी. तो मोरे घराण्याकडे होता. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी तो जिंकला.’ इथे थांबायचं. दुभाषी बोलेल. मग: ‘महाराजांनी त्याला रायगड हे नाव दिलं. हिरोजी नावाच्या अधिकाऱ्याने इथे राजधानी बांधली.’ पुन्हा थांबायचं. ‘1674 मध्ये इथे महाराजांचा राज्याभिषेक झाला.’ दर वाक्यात एक माणूस, एक काम. दोनतीन वाक्यं झाली की विराम. आपल्याला हे पहिलीच्या पुस्तकासारखं वाटतं, पण पलीकडे त्याचं छान वाक्य होऊन बाहेर पडतं.

यात ‘महाराज’ शब्दाची एक गंमत आहे. आपण आदराने म्हणतो, ‘महाराज आले, ते बसले, त्यांनी विचारलं.’ आदरार्थी बहुवचन. नवीन दुभाषी असला आणि वाक्य लांबलं, की ‘ते’ म्हणजे एकटे महाराज की महाराज आणि त्यांचे सरदार, यात त्याचा गोंधळ होतो. म्हणून मी ‘ते’ फारसं वापरतच नाही. दर वेळी ‘महाराज’ म्हणते. आणि पाहुणे जेव्हा नुसतं ‘शिवाजी’ म्हणतात, तेव्हा कृपा करून रागावू नका. त्यांच्याकडे राजाला नावाने हाक मारणं हाच रिवाज आहे, आपल्या राजाच्या बाबतीतसुद्धा.

आता शब्दांकडे येऊ. सगळ्यात जास्त घोळ होतो तो अवघड शब्दांनी नव्हे, तर सोप्या शब्दांनी. अवघड शब्द आला की दुभाषी विचारतो. सोपा आला की विचारत नाही. ‘इंग्रजांचा वकील रायगडावर आला.’ झालं, पाहुण्यांना वाटतं कोर्टकचेरी चालली होती. जुन्या मराठीत वकील म्हणजे राजदूत. ‘गडाचा हवालदार’ म्हटलं की पोलीस उभा राहतो. खरं तर तो गडावरचा मोठा अधिकारी, किल्ल्या त्याच्या ताब्यात. ‘कारखानीस’ म्हणजे कोठारं सांभाळणारा, पण त्याचा कारखाना होऊन यंत्रं सुरू होतात! हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशी तीन माणसं प्रत्येक गडावर असत. एकाकडे किल्ल्या, दुसऱ्याकडे हजेरी आणि हिशेब, तिसऱ्याकडे धान्यदारूगोळा. एकट्याला फितूर होऊन गड शत्रूला देता येऊ नये, हा त्यातला हेतू. ही गोष्ट परदेशी पाहुण्यांना फार आवडते, विशेषतः कंपन्यांत काम करणाऱ्यांना. पण मी ती तीन पदांच्या नावांनी सांगत नाही. ‘किल्ल्यांचा अधिकारी, हिशेबाचा अधिकारी, कोठाराचा अधिकारी’ असं सांगते.

‘छत्रपती’ हा शब्द मात्र मी बदलत नाही. तो तसाच ऐकू द्यायचा. एका दुभाष्याने त्याचं शब्दशः ‘छत्रीचा मालक’ केलं होतं आणि दोन बायका हसल्या, आणि शेजारी उभी असलेली आपली माणसं तापली. खरं तर तिघांचीही चूक नाही. आता मी स्वतःच आधी सांगते, ‘राजाच्या डोक्यावर मोठं छत्र धरतात. छत्र म्हणजे, या राजाच्या वर दुसरा राजा नाही.’ आणि मग म्हणते, ‘म्हणून छत्रपती.’ आधी अर्थ, मग शब्द. हा क्रम उलटा झाला की पंचाईत.

अशा शब्दांचा आणि नावांचा एक कागद मी आदल्या संध्याकाळी दुभाष्याला पाठवते. पंचवीसतीस शब्द असतात, त्याहून जास्त नाहीत. आणि आकडे मी तोंडाने सांगतच नाही म्हटलं तरी चालेल. आपले दीड, अडीच, पावणेतीन हजार, हे भल्याभल्या दुभाष्यांना घाम फोडतात. माझ्या पिशवीत जाड पुठ्ठ्याची पाच कार्डं आहेत. 1656, 1674, 1680, 1689 आणि 1818. साल आलं की कार्ड वर. उंची सांगायची तर समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर, फुटांत नाही. अमेरिकन असले तरच 2,700 फूट.

आता गडावर जाऊ या.

परदेशी पाहुणे बहुतेक रोपवेनेच येतात. पायऱ्या दीड हजारांच्या आसपास, आणि त्यांच्याकडे वेळ अर्धा दिवस. हिरकणीवाडीतून पाळण्यात बसलं की काही मिनिटांत वर. सोय मोठी, पण त्यामुळे गडाचं गडपणच हुकतं. कारण रोपवे तुम्हाला थेट वाड्याच्या अंगाला नेऊन सोडतो आणि महादरवाजा राहतो खाली. म्हणून ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांना मी वरून महादरवाजापर्यंत उतरवते. बाकीच्यांसाठी जमिनीवर काठीने चित्र काढते.

महादरवाजा सांगायचा कसा? ‘गोमुखी बांधणी’ म्हणायचं नाही. गाईचं तोंड पाहून काही उलगडत नाही, उलट गाय पवित्र वगैरे भलतीकडे गप्पा जातात. मी पाहुण्यांना वाटेवर खाली उभं करते आणि विचारते, ‘दार कुठे आहे?’ समोर दोन प्रचंड बुरूज दिसतात, दार दिसत नाही. मग चार पावलं पुढे, पुन्हा विचारते. वाट बुरुजाला वळसा घालते आणि मग एकदम दार समोर येतं. आता सांगायचं: ‘शत्रू इथे आला. त्याला दार दिसत नाही. तो वळतो. आता त्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना आपले सैनिक आहेत. त्याच्याकडे हत्ती असेल तर हत्तीला पळत येऊन दाराला धडक देता येत नाही, कारण पळायला सरळ जागा नाही.’ इथे दुभाष्याला फारसं कामच उरत नाही. पाहुणे स्वतः मागेपुढे चालून बघतात.

एक बारीक गोष्ट, पण फार महत्त्वाची. तुम्ही बोट दाखवून म्हणता, ‘ते बघा, दारावर दोन कमळं कोरली आहेत,’ आणि हात खाली घेता. दुभाषी ते दहा सेकंदांनी सांगतो. तोवर तुमचा हात खिशात. पाहुणे बिचारे इकडेतिकडे बघतात. म्हणून दुभाष्याचं वाक्य संपेपर्यंत हात वरच ठेवायचा. खांदा दुखतो, पण इलाज नाही. आणि यातूनच एक परीक्षाही होते. मला जपानी येत नाही. दुभाषी बरोबर सांगतोय की नाही, हे मला कसं कळणार? माना बघायच्या. मी ‘डावीकडे वर’ म्हटलं आणि वीस माना डावीकडे वर वळल्या, म्हणजे पोचलं. वळल्या नाहीत तर पुन्हा सांगायचं. दुसरं म्हणजे, नावं आणि साल कोणत्याही भाषेत ओळखू येतात. मी ‘हिरोजी’ म्हटलं आणि दुभाष्याच्या बोलण्यात ‘हिरोजी’ ऐकूच आलं नाही, तर नाव गळलं. मी तीन वाक्यं बोलले आणि तो पाच मिनिटं बोलतोय, तर तो स्वतःच्या पदरची भर घालतोय. तेव्हा गोड हसून विचारायचं, ‘काय काय सांगितलंस रे?’

वर आल्यावर राजसभा. इथे माझी मुख्य गोष्ट असते आणि ती मी एका परदेशी माणसाच्या डोळ्यांनी सांगते. हेन्री ऑक्झिंडन. ईस्ट इंडिया कंपनीचा राजदूत. ‘तुमचं विमान मुंबईला उतरलं ना? हा माणूसही मुंबईहूनच निघाला होता. 1674, मे महिना.’ एवढं म्हटलं की माना वर होतात. तो पाचाडला आला तेव्हा महाराज प्रतापगडाला भवानीच्या दर्शनाला गेले होते. त्यामुळे त्याला खाली थांबावं लागलं. मग तो वर आला, आणि 6 जूनला राज्याभिषेकाच्या दरबारात त्याने महाराजांना मुजरा केला. हे सगळं त्याने लिहून ठेवलं आहे. दाराशी दोन लहान हत्ती आणि दोन सजवलेले घोडे उभे होते, आणि इतक्या अवघड वाटेने हे प्राणी वर आणले कसे, याचं त्याला नवल वाटलं. पाहुणेही तोच प्रश्न विचारतात. लोक सांगतात की पिल्लं असतानाच चढवली असतील. ऑक्झिंडनने उत्तर दिलेलं नाही.

इंग्रजांच्या त्या वेळच्या वृत्तांतात एका खाटकाची गोष्टही येते. गडावर मांस खाणारे कमी, त्यामुळे त्याचा धंदा बेताचाच. हे इंग्रज आले आणि रोज मांस मागू लागले. म्हाताऱ्या खाटकाची वर्षानुवर्षांत झाली नव्हती एवढी विक्री झाली. तेव्हा तो म्हातारा मुद्दाम गड चढून आला, हे गिऱ्हाईक आहे तरी कसं ते बघायला! ही गोष्ट कोणत्याही भाषेत जशीच्या तशी जाते, आणि लोक पोट धरून हसतात. आपले शब्दांवरचे विनोद जात नाहीत. ते सांगायचेच नाहीत.

सिंहासनाची जागा आणि समोरचा नगारखाना यांत साधारण दोनशे फुटांचं अंतर आहे. नगारखान्याशी हळू बोललेलं सिंहासनापाशी ऐकू येतं. हे भाषांतर करून सांगण्यापेक्षा करून दाखवायचं. दुभाष्याला नगारखान्यात उभं करायचं, पाहुण्यांना सिंहासनाच्या बाजूला, आणि त्याने कागद फाडायचा. पण हे सकाळी आठला. सुट्टीच्या दिवशी बाराला, शाळांच्या सहली आल्यावर, काही ऐकू येत नाही. मग उगाच ‘येतंय ना, येतंय ना’ करू नये, पाहुणे भिडेखातर हो म्हणतात.

आता जरा नाजूक भाग. बाजारपेठ. समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकी 22 गाळे, जोती चांगली उंच. आपण लहानपणापासून ऐकलं की घोड्यावर बसून खरेदी करता यावी म्हणून जोती उंच. काही अभ्यासकांना हे पटत नाही. राजधानीच्या ऐन मध्यभागी, एवढ्या नीटस रांगा, तर ही अधिकाऱ्यांची घरं किंवा कचेऱ्या असाव्यात असं त्यांचं म्हणणं. मी दोन्ही सांगते. अडचण अशी, की मराठीत आपण ‘म्हणे’, ‘असावं’, ‘सांगतात’ असं हळूच लावतो आणि सुटतो. दुभाष्याच्या घाईत सगळ्यात आधी गळतात ते हेच शब्द. ‘घोड्यावरून खरेदी करत म्हणे’ याचं तिकडे पोचतं ते ‘घोड्यावरून खरेदी करत.’ आणि मग तो माणूस घरी जाऊन तसंच लिहितो. म्हणून मी ‘म्हणे’ला स्वतंत्र वाक्य देते. आधी सांगते, ‘आता मी लोकांमधली गोष्ट सांगणार आहे. ही कागदात नाही.’ मग गोष्ट.

हिरकणीचं तसंच. दूध विकायला आलेली बाई, संध्याकाळी दरवाजे बंद, खाली घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिथे बुरूज बांधला. लोककथा म्हणून सांगायची आणि मग कड्यापर्यंत न्यायचं, कठड्याच्या आत राहून खाली बघू द्यायचं. ‘गवळण’ शब्द मात्र टाळते, त्याने राधाकृष्ण सुरू होतात. ‘दूध विकणारी आई’ एवढं पुरतं. मी असं सुटं करून सांगते याचा एकदा आपल्याच एका पर्यटक काकांना राग आला. ‘बाई, तुम्ही आपल्या गोष्टी खोट्या पाडता!’ मी म्हटलं, काका, सिंहासन, दरवाजा, राज्याभिषेक हे मी कागदाच्या आधाराने सांगते ना, ते त्यांनी खरं मानायला हवं असेल तर हिरकणीची गोष्ट ही गोष्ट आहे हेही मलाच सांगावं लागेल. पटलं की नाही माहीत नाही, पण ते पुढे आमच्याबरोबरच चालत आले.

वाडा एवढा पडलेला का, हा प्रश्न येतोच. मराठीत आपण म्हणतो, ‘गड पडला, वाडे जळले.’ कुणी जाळले? पुन्हा कर्ता नाही. समोर इंग्लंडची मंडळी असली की गाईड हमखास इथे पुटपुटतो. पुटपुटायचं कारण नाही. ‘1689 मध्ये मुघल सैन्याने गड घेतला.’ कार्ड. ‘1818 च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याने तोफा डागल्या. आग लागली. वाडा जळला.’ कार्ड. विशेषणं नाहीत, आवाज चढवायचा नाही. पाहुणे ऐकून घेतात. एक इंग्रज आजोबा एवढंच म्हणाले, की शाळेत हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, आणि 1818 च्या कार्डाचा फोटो काढून घेतला.

शेवटी जगदीश्वराचं देऊळ आणि समोर महाराजांची समाधी. 3 एप्रिल 1680 ला महाराज याच गडावर गेले. आपण ‘गेले’ म्हणतो, पण दुभाष्याला ‘मृत्यू झाला’ असंच सांगायचं, नाहीतर महाराज कुठेतरी प्रवासाला निघतात. देवळाच्या पायरीवर हिरोजींचं नाव कोरलेलं आहे, सेवेला सदैव तत्पर अशा अर्थाचा मजकूर आहे. ज्याने राजधानी बांधली त्याचं नाव पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागेल अशा जागी. हे मी सांगते आणि पाहुणे आपोआप पायरी ओलांडून जाऊ लागतात.

समाधीपाशी मी दोन वाक्यांवर बोलत नाही. वेळही उरलेला नसतो. दुभाषी असला की तासाभराचं बोलणं दोन तासांचं होतं, हे लक्षात ठेवून आधीच निम्मी सामग्री कापावी लागते. मी टकमक टोक कापते, गंगासागर तलाव जाताजाता दाखवते.

खाली उतरल्यावर, बस निघायच्या आधी, पाचाडला जिजाऊंच्या समाधीशी दहा मिनिटं. ‘ही राजाच्या आईची समाधी. राज्याभिषेक 6 जूनला झाला. आई 17 जूनला वारली.’ आता घरच्यांना घेऊन जाणार असाल तर हिवाळ्यात जा, सकाळच्या पहिल्या पाळण्याने, आणि नातवाला नावांचा कागद आदल्या रात्रीच द्या. कार्डं हवी असतील तर माझ्याकडून घेऊन जा, परत मात्र आणून द्या.